खालचा पंचम सोडायचा नाही

एकांकिकेत दार वाजण्याआधीचे वीस-पंचवीस सेकंद पार्श्वसंगीत करणाऱ्याच्या दृष्टीने सगळ्यात कठीण. रंगमंचावर काहीच घडत नसतं. दोन माणसं बसलेली असतात, एक दाराकडे बघत असतं, आणि प्रेक्षकाचा जीव टांगून ठेवायची जबाबदारी कीबोर्डवाल्यावर येऊन पडते. आपल्याकडचे बरेच कीबोर्डवाले अशा वेळी व्हायोलिनचा थरथरता आवाज लावतात, ढगांचा गडगडाट सोडतात किंवा हृदयाची धडधड ऐकवतात. मला ही तिन्ही सोंगं वाटतात. त्यांतून प्रेक्षकाला एवढंच कळतं की आता घाबरायचं आहे. घाबरण्याचं कारण सुरांत कुठेच नसतं.

यासाठी पाश्चात्त्य संगीतात पेडल पॉइंट नावाची एक साधी युक्ती आहे. खाली बेसचा एकच सूर धरून ठेवायचा आणि वर कॉर्ड बदलत राहायच्या. त्यातल्या काही कॉर्डमध्ये तो सूर असतो, काहींमध्ये नसतो. नसतो तेव्हा वरचं आणि खालचं एकमेकांना घासतं. खालचा मात्र हलत नाही. हे नाव चर्चच्या ऑर्गनवरून आलं. त्या ऑर्गनला पायांनी वाजवायची वेगळी पट्टी असते, त्यामुळे एक पाय एका सुरावर ठेवून दोन्ही हात वर मोकळे राहतात. संगीत नाटकातल्या आपल्या ऑर्गनचं पायाशी वेगळंच काम. तिथे पाय नुसता भाता मारतात.

आता कोणी म्हणेल, यात नवल काय, आपण तर तंबोऱ्यावरच वाढलो. तमाशाच्या फडात मागे उभा राहून तुणतुणं वाजवणारा माणूस रात्रभर एकच सूर छेडत असतो, त्याच्यामुळे कोणाचा जीव टांगणीला लागला? बरोबर आहे, आणि सगळी गोम इथेच आहे. तंबोरा आणि तुणतुणं षड्ज धरतात. षड्ज म्हणजे घर. वर गाणारा कितीही लांब गेला तरी घराचा दिवा दिसत राहतो, म्हणून कान निर्धास्त. उत्कंठेसाठी धरायचा तो पंचम. खाली प धरला की कानाला कळतं की घर समोर आहे पण आपण उंबऱ्याबाहेर उभे आहोत, आणि खालचा सूर कधीतरी प वरून सा वर येणारच. तो येत नाही तोवर थांबून राहावं लागतं. हे थांबणं प्रेक्षकाच्या अंगात उतरवायचं असतं.

आमच्या गटाने जळगावात बसवलेल्या एका एकांकिकेचंच उदाहरण घेतो. गोष्ट यावल-रावेर पट्ट्यातली, केळीच्या बागेतली. थ्री फेज लाईट रात्रीची. मुलगा बॅटरी घेऊन मोटर चालू करायला गेलेला, बागेत बिबट्या दिसल्याची दोन दिवस चर्चा, फोन लागत नाही. घरात आई आणि आजोबा. शेवटी दार वाजतं. दिग्दर्शक म्हणजे धुळ्याकडचे एक निवृत्त शिक्षक. त्यांनी मला एवढंच सांगितलं, "माणसाच्या मनात एकच पाहिजे, आते काय व्हई?"

मी सा धरला पांढरी दोन, म्हणजे डी मायनर. त्याचा पंचम पांढरी सहा. डाव्या हाताने तो पंचम दोन सप्तकांत एकदम धरला, एक खूप खालचा आणि एक त्याच्या वरच्या सप्तकातला. उजव्या हाताला चार कॉर्ड. पहिली प सा ग, ग कोमल. ही घरचीच कॉर्ड, फक्त तिच्या पायाखाली सा च्या जागी प आहे, त्यामुळे ती उभी राहते पण टेकत नाही. दुसरी ध सा म, ध कोमल. इथे प चा ध झाला आणि ग चा म, सा जागेवरच राहिला. तिसरी ध रे म. म्हणजे फक्त मधलं बोट सा वरून रे वर गेलं. चौथी ध नी रे म, नी शुद्ध. तिसऱ्या कॉर्डमध्येच एक सूर वाढला.

या क्रमाची गंमत बोटांच्या हालचालीत आहे. प्रत्येक वेळी एखाददुसराच सूर सरकतो, तोही शेजारच्या घरात. मोठ्या उड्या नाहीत, त्यामुळे "आता संगीत बदललं" असं कोणाच्या लक्षात येत नाही, पण खालच्या प शी भांडण मात्र वाढत जातं. पहिल्या कॉर्डमध्ये भांडण नाही. दुसऱ्यात कोमल ध आणि म दोघेही प च्या शेजारचे, एक वरचा, एक खालचा. तिसऱ्यात सा निघून जातो, म्हणजे घराची शेवटची खूण पुसली. चौथ्यात शुद्ध नी येतो, आणि नी ला सा वर चढल्याशिवाय चैन पडत नाही हे आपल्या कानाला कोणी शिकवायला नको. चौथी कॉर्ड म्हणूनच जपून ठेवायची. आमच्या प्रयोगात आई कडीला हात घालते त्या क्षणापर्यंत नी मुळीच येत नव्हता.

लय मी साठच्या आसपास ठेवली, म्हणजे एका सेकंदाला एक मात्रा. प्रत्येक कॉर्डला चार मात्रा. चारही कॉर्ड एकदा झाल्या की सोळा सेकंद होतात. नट मात्र मात्रा मोजून चालत नाहीत. एखाद्या प्रयोगात आई दाराशी लगेच पोचते, एखाद्यात आजोबांच्या खोकल्यावर हशा येतो आणि सगळं लांबतं. म्हणून पहिल्या तीन कॉर्डमध्ये ये-जा करायची सोय ठेवायची. दुसरी-तिसरी, तिसरी-दुसरी असं हवं तितकं फिरता येतं, कारण त्यांच्यात फक्त सा आणि रे चा फरक आहे. डोळे नटीच्या हातावर आणि डावा हात प वर. रेकॉर्ड केलेला ट्रॅक इथे हटकून फसतो.

घासतं म्हणजे नेमकं काय होतं, तेही सांगतो. डाव्या हातातला वरचा प सेकंदाला ११० कंपनांचा. त्याच्या पोटात दुपटीचा, २२० कंपनांचा सूरही असतोच. उजव्या हातातला कोमल ध आहे २३३ च्या आसपास. २२० आणि २३३ एकत्र वाजले की दोघांतल्या फरकाइतकी, सेकंदाला साधारण १३ वेळा, आवाजात एक खरखर उठते. ही खरखर कानाला ओळखू येत नाही, फक्त अस्वस्थ करते. हाच कोमल ध अगदी खाली, प ला चिकटून वाजवला तर अस्वस्थता जाते आणि नुसता गाळ उरतो. खालच्या सप्तकात जवळजवळचे सूर कानाला वेगळे काढता येत नाहीत. म्हणून वरचा प आणि कॉर्डचा सगळ्यात खालचा सूर यांच्यात निदान एका सप्तकाची मोकळी जागा ठेवायची.

इथवर बाख वाचलेल्या कोणालाही हे ओळखीचं वाटेल. त्याच्या 'वेल-टेम्पर्ड क्लेव्हियर'च्या पहिल्या भागातलं (१७२२) सुरुवातीचं सी मेजर प्रिल्यूड पियानो शिकणारा प्रत्येक जण वाजवतो. ३५ बारची ती छोटी रचना. तिच्यात २४ ते ३१ असे सलग आठ बार खाली जी, म्हणजे पंचम, धरलेला आहे. वर घरची कॉर्ड येते, जाते, परत येते. २८व्या बारला त्या जी वर एक अशी कॉर्ड येते की तिच्यातला एकही सूर जी नाही, आणि वरचा एफ शार्प खालच्या जी ला सरळ टोचतो. मग ३२व्या बारला बेस खाली सी वर उतरतो आणि शेवटचे चार बार तिथेच राहतो. रचनेचा जवळजवळ चौथा हिस्सा माणसाला पंचमावर उभं करून ठेवायचं म्हणजे धाडसच. पण ते त्याला परवडतं, कारण पहिल्या बारपासून सी हे घर त्याने कानात पक्कं बसवलेलं आहे.

आपल्याकडे हे परवडेलच असं नाही. पुस्तकांत हा मुद्दा मला फारसा दिसला नाही, कारण ती पुस्तकं तंबोऱ्याच्या कानांसाठी लिहिलेली नाहीत. आपला कान सगळ्यात खालच्या, सतत वाजणाऱ्या सुराला सा मानतो. भजनात पेटीचा सूर, कीर्तनात तंबोरा, लग्नात सनईमागचा सूर, सगळीकडे खालचा धरलेला सूर म्हणजे सा हे बालपणापासून पक्कं झालेलं. त्यामुळे पंचम जरा जास्त वेळ धरला की श्रोत्याचा कान गुपचूप त्यालाच सा करून टाकतो. एकदा का प चा सा झाला की टांगणं संपलं. माणूस घरी पोचला, आणि आपण मात्र त्याला ताटकळत ठेवल्याच्या समजुतीत वाजवत बसलेले.

हे होतं की नाही ते पाहायला मी तालमीत एकदा आधीचा सगळा प्रवेश वगळून फक्त हा तुकडा वाजवला, पहिल्या तीनच कॉर्ड, फिरवून फिरवून, एका मिनिटाच्या वर. सर खुर्चीत डोळे मिटून ऐकत होते. मग मान डोलवायला लागले. म्हणाले, "भो, आठे तर भजन चालू व्हयनं असं वाटस!" आणि ते शंभर टक्के खरं होतं. पांढरी सहा ला सा मानून त्या तीन कॉर्डचे सूर मोजा: सा, कोमल रे, म, प, कोमल ध, कोमल नी. कोमल ग तेवढा नाही, बाकी भैरवी. मैफल संपल्याचं सांगणारा राग. बिबट्याच्या भीतीऐवजी आम्ही सरांना बैठक उठायच्या बेताला आणून सोडलं होतं. पुढे चौथी कॉर्ड आणली तरी उपयोग नव्हता, कारण आपला शुद्ध नी त्यांच्या कानाला शुद्ध ग लागला असता, आणि सगळं बसंत मुखारीसारखं ऐकू आलं असतं. सुंदर, पण दार कोणी उघडणार नाही.

म्हणून माझी एक तपासणी ठरलेली आहे. तुकडा मध्येच थांबवायचा आणि तालमीतल्या कोणालाही, शक्यतो संगीत न शिकलेल्या प्रकाशयोजनेवाल्याला वगैरे, सांगायचं की सा गुणगुण. त्याने वरचा सा पकडला तर घर शाबूत आहे. त्याने आपला धरलेला पंचमच गुणगुणला तर खेळ संपला. हे तुमचं तुम्ही तपासून उपयोग नाही, कारण कोणता सूर सा आहे ते तुम्हाला आधीच ठाऊक असतं.

यावरचा उपाय त्या पंचमाच्या तुकड्यात नाही, त्याच्या बराच आधी आहे. आमच्या एकांकिकेत सुरुवातीला आई भाकरी थापताना एक ओवी गुणगुणते. ती आम्ही पांढरी दोनलाच बांधली. नटीला हा सूर जरा चढा पडायचा, पण ओवीला चार-पाच सुरांच्या वर जायचं नसतं, निभावलं. खाली मी सा चा सूर अगदी हळू धरायचो. पुढे मुलगा घराबाहेर पडतो तेव्हा त्याच ओवीचा एक तुकडा कीबोर्डवर, पुन्हा सा वर संपणारा. म्हणजे पंचम यायच्या आधी प्रेक्षकाच्या कानात सा दोनदा मुरलेला. मग संवाद चालू असताना बेस सा वरून उतरून प वर येतो आणि तिथे थांबतो. हा उतरण्याचा प्रवास ऐकू गेला पाहिजे. शांततेतून एकदम पंचम सुरू केला तर तो कोणाचा पंचम हे कानाला कळणार कसं?

दुसरी गोष्ट पंचम धरण्याच्या पद्धतीची. अखंड, गुळगुळीत पॅडचा आवाज तंबोऱ्यासारखाच लागतो, मग कान तंबोऱ्याच्याच सवयीने वागतो. त्याऐवजी मी प प्रत्येक मात्रेला नव्याने, तुटक वाजवतो, गजाने ओढलेल्या डबल बासच्या आवाजात. सूर तोच, पण प्रत्येक ठोक्याला पुन्हा विचारल्यासारखा. अखंड सुराच्या तुलनेत हा बराच जास्त वेळ पंचम म्हणून टिकतो, असा माझा अनुभव. तरी अर्ध्या मिनिटाच्या पुढे मी जात नाही. दिग्दर्शकाला प्रसंग लांबवायचा असेल तर मधे दोन ओळींचा संवाद कोरडा जाऊ द्यायचा आणि पुन्हा सा पासून सुरुवात करायची.

आपल्याकडच्या ऑर्केस्ट्रावाल्यांसाठी एक इशारा. लग्नाच्या हळदीला आणि ऑर्केस्ट्राला जो कीबोर्ड वाजतो त्यात बहुतेक वेळ स्टाईल चालू असते. डाव्या हाताने कॉर्ड दाखवली की बेस, ताल, गिटार सगळं आपोआप वाजतं. त्यातला बेस साध्या सेटिंगला कॉर्डच्या मूळ सुरावर उडी मारतो. तुम्ही म ची कॉर्ड दाखवलीत की बेस म वर, आणि पेडल पॉइंटचा पत्ताच नाही. काही मॉडेलमध्ये डाव्या हाताचा सगळ्यात खालचा सूरच बेस धरायची सोय असते, ती चालू करावी. पण अशा प्रसंगाला स्टाईल बंदच बरी. आणि पायाखालचं सस्टेनचं पेडल नावाला भुलून दाबून ठेवू नका. ते सगळ्याच कॉर्ड एकमेकींत मिसळून टाकतं, मग कोणता सूर हलला आणि कोणता राहिला ते ऐकूच येत नाही.

तालुक्याच्या गावी सभागृहात मंडपवाल्याचे बॉक्स मिळतात. त्यांतून ५५ कंपनांचा खालचा प बाहेर पडेल अशी आशा धरू नये. सब-बेससारखा गोल आवाज लावला असेल तर पंचम गायबच होतो, आणि मागच्या रांगेत नुसत्या कॉर्ड बदलताना ऐकू येतात. म्हणजे उत्कंठेऐवजी चाल. यासाठीच वरच्या सप्तकातला ११० चा प जोडीला हवा, आणि आवाज असा हवा की त्याच्या पोटात वरचे स्वर भरपूर आहेत. ११०, १६५, २२० हे ऐकू आले की न वाजलेला ५५ सुद्धा कान स्वतः भरून काढतो. प्रयोगाच्या आधी मागच्या भिंतीपाशी कोणाला तरी उभं करून हे ऐकायला सांगावं. अमळनेरला आणि चोपड्याला मी हे काम आमच्या चहावाल्या पोराला दिलं होतं. त्याचा कान सरांपेक्षा खरा निघाला.

आता दार. कडीला हात गेला, शुद्ध नी आला, चौथी कॉर्ड. इथे जो नियम मी सोडत नाही तो हा, की बेस पहिल्यांदा हलेल तो गोष्ट हलल्यावरच. दार उघडायच्या आधी बेस हलवला तर प्रेक्षकाला उत्तर आधी कळतं. उशीर केला तर उत्तराला वजन राहत नाही. मुलगा सुखरूप परतला असता तर प वरून सरळ सा, घरची कॉर्ड, सगळे सुटले. आमच्या गोष्टीत दारात शेजारचे काका उभे असतात आणि त्यांच्या हातात मुलाची बॅटरी. म्हणून बेस सा वर गेला नाही. प वरून फक्त अर्धा सूर वर, कोमल ध वर गेला, वर ध सा ग. इतका वेळ जो कोमल ध वरून प ला घासत होता तोच आता पायाखाली आला. ही कॉर्ड मेजर आहे, ऐकायला गोडच आहे, आणि म्हणूनच ती वाईट बातमीसारखी लागते. सरांना तिथे गडगडाट हवा होता. बरीच वादावादी झाली. शेवटी ते म्हणाले, "ठीक शे, पण मंग आजोबासना डायलॉग चार मात्रा उशिरा." आणि ती सूचना माझ्या सगळ्या कॉर्डपेक्षा चांगली होती.

शेवटच्या प्रवेशात मुलगा सापडतो. विहिरीजवळ पाय मुरगळून बसलेला, बिबट्या आलेलाच नसतो. तिथे मी तोच कॉर्डचा क्रम पुन्हा वाजवला, फक्त खाली प ऐवजी सा. हाही पेडल पॉइंटच, वरची भांडणंही तीच, पण आता घरातली. एवढंच बघावं लागतं की शुद्ध नी वर फार वेळ थांबायचं नाही. खालच्या सा ला तो चांगलाच टोचतो, आणि तो रेंगाळला की पुढच्या रांगेतली माणसं पुन्हा दाराकडे बघायला लागतात.